कॅमेरा, जखमी माणूस आणि मधली तीन मिनिटं

एक गोष्ट मराठी व्हॉट्सॲप गटांवर कितीतरी वर्षं फिरते आहे. दुष्काळात एक उपाशी मूल रांगत चाललेलं असतं, मागे गिधाड टपून बसलेलं असतं. फोटोग्राफर फोटो काढतो, त्याला मोठं बक्षीस मिळतं. मग कुणीतरी त्याला विचारतं, त्या मुलाचं पुढे काय झालं? तो म्हणतो, माहीत नाही, मला विमान गाठायचं होतं. विचारणारा म्हणतो, म्हणजे तिथे दोन गिधाडं होती, एकाच्या हातात कॅमेरा होता. हे ऐकून फोटोग्राफर खचतो आणि आत्महत्या करतो. 28 मे 2020 रोजी स्थलांतरित मजुरांच्या हालांवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना केंद्र सरकारचे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनीही हीच गोष्ट सांगितली होती. सरकारवर टीका करणाऱ्यांसाठी ती होती. इतकी ती आपल्याकडे मुरली आहे.

गोष्ट प्रभावी आहे, पण तशी घडलेली नाही. फोटो खरा. दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन कार्टर याने तो मार्च 1993मध्ये सुदानमधल्या अयोद गावात काढला, 26 मार्चला तो 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मूल मुलगी असल्याचं तेव्हा छापलं गेलं. 2011मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राने गावात जाऊन वडिलांना गाठलं, तेव्हा कळलं की तो मुलगा होता. त्या दुष्काळातून तो वाचला होता आणि मोठा झाल्यावर, काही वर्षांपूर्वी, तापाने गेला होता. फोटोत त्याच्या मनगटावर अन्नछत्राची पट्टी दिसते, म्हणजे त्याची नोंद झालेली होती आणि मदतकेंद्र जवळच होतं. कार्टरने गिधाडाला हाकललं होतं. 'दुसरं गिधाड' हा टोमणा मात्र हवेतून आलेला नाही. फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राने कार्टरवर टीका करताना तशी उपमा दिली होती. तिचा संवाद नंतर कुणीतरी रचला. कार्टर जुलै 1994मध्ये गेला हेही खरं, पण त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत पैशांची चणचण होती, डोळ्यांपुढून न हलणारी प्रेतं होती आणि नुकत्याच गेलेल्या एका मित्राचं नाव होतं. त्या मित्राकडे आपण पुढे येणारच आहोत.

मला या गोष्टीत खटकतं ते वेगळंच. ती आपल्यापुढे चुकीचा प्रश्न ठेवते. फोटो की माणूस, दोनातलं एक निवडा, असं ती बजावते. वृत्तछायाचित्रकारावर कुणी कथा लिहायला घेतली की हाच पेच मांडला जातो: रस्त्यावर जखमी माणूस, हातात कॅमेरा आणि निवडीचा एक क्षण. ज्यांनी हे प्रत्यक्ष भोगलं त्यांच्या हकिगती वाचल्या की तो एक क्षण कुठेच सापडत नाही. सापडतात ती मिनिटं. त्या मिनिटांत आधी काय झालं, नंतर काय झालं आणि आसपास आणखी कोणाचे हात होते, यावरच सगळं ठरतं.

साधा हिशेब पाहू. भर दिवसा उजेडात वृत्तछायाचित्रकाराचा शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका उघडतो. कॅमेरा आधीच हातात असेल, तर तो वर करून चार-पाच फोटो घ्यायला दोन ते तीन सेकंद पुरतात. इतक्या वेळात कोणी मरत नाही. वेळ जातो तो दुसऱ्याच गोष्टींत. चांगला कोन मिळावा म्हणून वळसा घालण्यात, लेन्स बदलण्यात, चौकटीतून दुसरा माणूस बाजूला होण्याची वाट पाहण्यात, मागच्या पडद्यावर काय आलंय ते तपासण्यात आणि हल्ली तिथल्या तिथे डेस्कला फोटो पाठवण्यात. अयोदमध्ये गिधाड पंख पसरील या आशेने आपण सुमारे 20 मिनिटं थांबलो, असं कार्टरने स्वतः सांगितलं होतं. त्याच्यावर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो त्या थांबण्यावर घ्यायला हवा, फोटोवर नाही. पहिला फोटो हा कामाचा भाग होता. विसाव्या मिनिटाला काढलेला फोटो अधिक चांगल्या चित्राच्या हव्यासाचा होता.

कार्टर ज्या टोळक्यात होता त्याला 'बँग बँग क्लब' असं नाव पडलं होतं. वर्णभेदाच्या अखेरच्या वर्षांत जोहान्सबर्गच्या आसपासच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतला हिंसाचार टिपणारे चार तरुण होते ते: कार्टर, ग्रेग मारिनोविच, केन ओस्टरब्रूक आणि जुआंव सिल्वा. यांतल्या मारिनोविच आणि सिल्वा यांनी पुढे त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. आपला प्रश्न समजून घ्यायला मारिनोविचइतका उपयोगी माणूस दुसरा नाही, कारण तो दोन्ही बाजूंना उभा राहिला आहे. आधी कॅमेऱ्यामागे, मग जमिनीवर.

1990च्या ऑगस्टमध्ये मारिनोविच सोवेटोतल्या एका कामगार वसतिगृहात शिरला होता. तिथे त्याच्या डोळ्यांदेखत जमावाने एका माणसाला ठार केलं. तो मारेकऱ्यांच्या घोळक्यातच उभा होता आणि फोटो काढत होता. काढून झाल्यावर त्याला जाणवलं की आपण एका शब्दानेही अडवलं नाही. ही टोचणी त्याने लपवली नाही, पुस्तकात मोकळेपणाने लिहिली आहे. महिन्याभरात, 15 सप्टेंबरला, सोवेटोतच रेल्वे स्टेशनजवळ तेच पुन्हा घडलं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या समर्थकांनी एका माणसाला इन्काथा पक्षाचा हेर ठरवून पकडलं, दगडांनी मारलं, सुऱ्यांनी भोसकलं. या वेळी मारिनोविच बोलला. हा हेर आहे याची तुम्हाला खात्री आहे का, असं त्याने विचारलं. कोणीतरी त्याला फोटो बंद करायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही याला मारणं थांबवा, मग मी फोटो थांबवतो. त्यांनी थांबवलं नाही. त्या माणसाला पेटवून देण्यात आलं. त्या फोटोंना 1991चं पुलित्झर मिळालं.

या दोन घटनांत फोटो दोन्ही वेळा काढले गेले आणि माणूस दोन्ही वेळा मेला. परिणाम पाहिला तर फरक शून्य. तरीही मला या दोन फोटोग्राफरांत मोठा फरक दिसतो. शेकडोंच्या शस्त्रधारी जमावापुढे एका माणसाच्या हातांना काही करता येत नव्हतं, पण तोंडाला येत होतं. दुसऱ्या वेळी त्याने ते केलं आणि त्यात स्वतःच्या जिवाचा धोका पत्करला. जिथे हात चालत नाहीत तिथे फोटो काढणं हेच उरतं, आणि ते कमी नाही.

आपल्याकडे 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री हेच घडलं. 'मुंबई मिरर'चे छायाचित्र संपादक सॅबॅस्टियन डिसूझा गोळीबाराचा आवाज ऐकून समोरच्या कार्यालयातून छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये धावले, उभ्या लोकलच्या डब्याच्या आडोशाने पुढे सरकले आणि त्यांनी अजमल कसाबचा हातात रायफल घेतलेला फोटो टिपला. आसपास माणसं मरून पडली होती. त्या क्षणी आपल्या हातात कॅमेऱ्याऐवजी बंदूक असती तर बरं झालं असतं, असं त्यांनी नंतर बोलून दाखवलं. पण होता तो कॅमेराच, आणि त्याने पुढे काम केलं. डिसूझांनी न्यायालयात साक्ष दिली, त्यांचे फोटो पुरावा म्हणून दाखल झाले आणि 2012च्या अंतिम निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे श्रीराम वेर्णेकर यांच्या धाडसाची आवर्जून दखल घेतली.

आता दुसरी बाजू. 18 एप्रिल 1994. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या सर्ववंशीय निवडणुकीला जेमतेम आठवडा उरला होता. जोहान्सबर्गजवळच्या थोकोझा वस्तीत इन्काथाचे लोक राहत असलेल्या वसतिगृहावर नव्याने उभारलेलं राष्ट्रीय शांतता दल चाल करून जात होतं. या दलातले जवान घाईघाईने भरती केलेले, अपुऱ्या प्रशिक्षणाचे आणि घाबरलेले होते. फोटोग्राफर त्यांच्या सोबत एका भिंतीच्या आडोशाला होते. अचानक अगदी जवळून गोळ्या सुटल्या. मारिनोविचच्या छातीत गोळी घुसली. ओस्टरब्रूकही कोसळला. त्या दिवशी कार्टर नव्हता, पुलित्झरबद्दलच्या मुलाखतीसाठी तो थोडा आधीच निघून गेला होता.

सिल्वाला गोळी लागली नव्हती. त्याच्यापुढे त्याचे दोन जिवलग मित्र रक्तबंबाळ पडले होते आणि त्याच्या हातात कॅमेरा होता. कथाकाराने रचावा तसाच हा पेच. सिल्वाने फोटो काढले. ओस्टरब्रूकला उचलणाऱ्या गॅरी बर्नार्ड या सहकाऱ्याचे, मारिनोविचजवळ धावलेल्या जेम्स नॅक्टवे या अमेरिकन छायाचित्रकाराचे. केन बरा झाल्यावर हे फोटो बघायला मागेल, असं तेव्हा मनात होतं, हे सिल्वाने नंतर सांगितलं. केन बरा झाला नाही. तो 'द स्टार' दैनिकाचा प्रमुख छायाचित्रकार होता. कार्टरच्या शेवटच्या चिठ्ठीतलं नाव त्याचंच.

सिल्वाला मी दोष देऊ शकत नाही, आणि त्याचं कारण मैत्री किंवा धंद्याचा धर्म नाही. कारण इतकंच की दोघांजवळही कोणीतरी पोचलेलं होतं. बर्नार्डचे हात केनवर होते, नॅक्टवेचे ग्रेगवर. तिसऱ्या जोडीच्या हातांनी त्या क्षणी काही वाचणार नव्हतं. उलट त्या फोटोंचा पुढे उपयोग झाला. गोळी कोणाची, हा प्रश्न अनेक वर्षं चालला. 1995च्या न्यायालयीन चौकशीत कोणालाही जबाबदार धरलं गेलं नाही, पण शांतता दलातल्याच एकाने बऱ्याच वर्षांनी मारिनोविच आणि सिल्वाजवळ कबूल केलं की गोळी बहुधा आमच्याच बाजूने आली असावी. त्या दिवशी कोण कुठे उभं होतं याचं साक्षीदार असलेलं चित्र सिल्वाकडे होतं.

जमिनीवर पडलेल्या मारिनोविचच्या मनात काय आलं, हेही त्याने लिहून ठेवलंय आणि ते वाचून मी बराच वेळ थांबलो. त्याला सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं रक्त टिपताना चढलेलं ऋण आज फिटलं, असं काहीसं. जखमी माणसाच्या फोटोतून मिळणारा मान आणि पगार हा फोटोग्राफराच्या मनावर कर्जासारखा बसतो, हे त्यातून कळतं. 'दुसरं गिधाड' म्हणणाऱ्यांना त्या कर्जाची कल्पना नसते.

म्हणून मला वाटतं, प्रसंग समोर आला की फोटोग्राफराने स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे: इथे माझ्याखेरीज कोणाचे हात आहेत का? नसतील, तर कॅमेरा गळ्यात सोडून द्यायचा. असतील, तर आपलं काम करायचं. एप्रिल 2017मध्ये सीरियात अलेप्पोजवळ रशिदीन इथे, वेढ्यातल्या गावांतून बाहेर नेल्या जाणाऱ्या लोकांच्या बसगाड्यांपाशी स्फोट झाला. शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं होती. तिथे असलेल्या अब्द अल्कादर हबाक या छायाचित्रकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं की आधी जखमींना बाहेर काढू. एका मुलाला उचलून तो रुग्णवाहिकेकडे धावला तेव्हा कॅमेरा त्याच्या हातात तसाच लोंबत होता. हा प्रसंग जगाला कसा कळला? मोहम्मद अल्‌रागेब नावाच्या दुसऱ्या छायाचित्रकाराने हबाकचा फोटो काढला म्हणून. त्यानेही आधी काही जखमींना मदत केली होती, मग कॅमेरा उचलला, कारण जे घडलं त्याचा जाब विचारला गेला पाहिजे असं त्याला वाटत होतं. दोघेही बरोबर होते. रांगेत कोण कुठे उभा आहे, इतकाच फरक.

पण हात असून भागत नाही. हातांना काय करायचं ते माहीत असावं लागतं, आणि या पेचाच्या कथांत हा भाग कधीच येत नाही. कथेतला नायक कॅमेरा टाकून जखमीकडे धावतो आणि लेखक तिथे थांबतो. धावल्यावर काय?

सिल्वाचीच पुढची हकिगत घ्या. ऑक्टोबर 2010मध्ये तो 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी अफगाणिस्तानात कंदाहार प्रांतात अमेरिकी तुकडीबरोबर चालत होता. त्याचा पाय सुरुंगावर पडला. दोन्ही पाय गेले. खाली पडल्यापडल्या त्याने काही फोटो काढले, मग सॅटेलाइट फोनवरून बायकोशी बोलला. तो वाचला, कारण तुकडीतले वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेले जवान काही पावलांवर होते आणि त्यांनी तत्काळ रक्त थांबवलं. सहा महिन्यांनी, 20 एप्रिल 2011 रोजी, लिबियातल्या मिसराता शहरात टिम हेदरिंग्टन हा ब्रिटिश छायाचित्रकार तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. मांडीच्या मुळाशी मुख्य रोहिणी तुटली होती. त्याला पिकअप गाडीत घालून रुग्णालयाकडे नेलं. सहकाऱ्याने त्याचा हात हातात धरून ठेवला होता. रक्त वाहत राहिलं आणि तो पोचेपर्यंत संपला. त्याचा मित्र, लेखक सॅबॅस्टियन युंगर, याला नंतर एका युद्धातल्या वैद्यकीय जवानाने सांगितलं की ही जखम प्राणघातक ठरलीच पाहिजे असं नव्हतं, जवळच्या कोणाला रक्त कसं रोखायचं ते यायला हवं होतं. त्यातून युंगरने स्वतंत्रपणे काम करणाऱ्या युद्धवार्ताहरांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली.

हात हातात धरणं हा प्रेमाचा स्पर्श होता. तोच हात जखमेवर दाबलेला हवा होता. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

सांगायला ती फार अवघड नाही. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटरच्या आसपास गेलं की जीव धोक्यात येतो, आणि मांडीतली मोठी रोहिणी तुटली तर तीन ते पाच मिनिटांत तेवढं जातं. उसळी मारून येणारं किंवा जमिनीवर थारोळं वाढवत राहणारं लालभडक रक्त दिसलं, की रुग्णवाहिकेची वाट पाहायला वेळ नसतो. जखम उघडी करा, कपडा फाडावा लागला तरी फाडा. रुमाल, ओढणी, शर्ट, जे स्वच्छ मिळेल ते जखमेत कोंबा आणि दोन्ही तळव्यांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार देत दाबा. थांबलं का म्हणून उचलून बघायचा मोह टाळा. दर वेळी उचललं की नुकती धरू लागलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. हात किंवा पाय असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटांवर, सांध्यावर नाही, रुंद पट्टा बांधून त्यात काठी घालून पिळत न्या, रक्त थांबेपर्यंत, आणि वेळ लिहून ठेवा. सुतळी किंवा बुटाची नाडी यासाठी चालत नाही, ती कातडीत रुतते आणि आतली रोहिणी वाहतच राहते. हेदरिंग्टनची जखम होती तशी मांडीच्या मुळाशी पट्टा बसतच नाही, तिथे दाबणं एवढंच शिल्लक असतं. शुद्ध हरपलेला पण श्वास घेत असलेला माणूस असेल तर त्याला कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. अपघातात मान-पाठ दुखावल्याची शंका असेल, तर गाडी पेट घेत नाही तोवर त्याला ओढून काढू नका. आपल्याकडे चारजण हातपाय धरून रिक्षात कोंबतात, त्यात कितीतरी मणके कायमचे जातात.

हे करायला फोटोग्राफराला कॅमेरा टाकून द्यावा लागत नाही. पट्टा गळ्यात असतो. जखम दाबून धरलेला माणूस पुढची दहा मिनिटं हलू शकत नाही, एवढं मात्र खरं, आणि तेवढा वेळ त्याचे फोटो बुडतात. त्या किमतीची तयारी हवी.

कायदा यात कुठे येतो? फ्रान्समध्ये संकटात सापडलेल्या माणसाला मदत न करणं हाच गुन्हा आहे. 31 ऑगस्ट 1997च्या पहाटे पॅरिसच्या आल्मा पुलाखालच्या बोगद्यात प्रिन्सेस डायनाची गाडी धडकली. पाठलागावर असलेले फोटोग्राफर लगेच पोचले, काहींनी फोटो काढले. पोलिसांनी त्यांना पकडलं, फिल्म जप्त केल्या आणि त्यांच्यावर मनुष्यवधाबरोबर मदत न केल्याचाही संशय ठेवून चौकशी सुरू झाली. गाडीचं दार उघडून नाडी पाहणारा माणूसही त्यांच्यातलाच होता, त्याने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेलं होतं. एक डॉक्टर योगायोगाने त्या रस्त्याने जात होता, तो लवकरच तिथे आला. दोन वर्षांनी न्यायाधीशांनी फोटोग्राफरांवरचे हे आरोप रद्द केले. काहींनी त्या रात्री जे केलं ते मला किळसवाणं वाटतं. पण कायद्याला रागावर चालता येत नाही, त्याला कोण कधी पोचलं, काय केलं आणि त्याने काय वाचू शकत होतं, हे बघावं लागतं.

आपल्याकडे अनोळखी वाटसरूवर असं सर्वसाधारण बंधन नाही. उलट आपल्याकडची अडचण उलटी होती. मदत केली तर पोलीस ठाण्याच्या चकरा, साक्षीच्या तारखा, रुग्णालयात 'आधी पैसे भरा', या भीतीने लोक लांब उभे राहत. लांब उभं राहून मोबाइल काढणं त्यातल्या त्यात सुरक्षित. 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची तत्त्वं बंधनकारक केली आणि 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. रस्ता अपघातातल्या जखमीला कोणी सद्हेतूने, स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केली आणि तरीही तो दगावला, तर मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव-पत्ता सांगणं त्याच्या मर्जीवर आहे. रुग्णालय त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायला तो तयार नसेल तर त्याला भाग पाडता येत नाही. हे संरक्षण फोटोग्राफरालाही तितकंच लागू आहे. म्हणजे जखमीला हात लावला तर आपण अडकू, ही सबब आता कोणालाच उरलेली नाही.

तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या छायाचित्रकाराची परिस्थिती मात्र जोहान्सबर्ग किंवा पॅरिसपेक्षा वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. महामार्गावरच्या अपघाताच्या ठिकाणी बहुतेक वेळा रुग्णवाहिकेच्या आधी तोच पोचतो, कारण त्याला फोन आधी येतो. तो पगारी नसतो, छापून आलेल्या फोटोवर त्याचे पैसे ठरतात. दहा मिनिटं जखम दाबून बसला तर दुसऱ्या दैनिकाचा फोटो छापून येतो आणि त्याला डेस्कवरून विचारणा होते. त्या विचारणेचं उत्तर 'मी माणूस वाचवत होतो' हे पुरेसं आहे, असं कोणत्याही संपादकाने त्याला आधी सांगून ठेवलेलं नसतं. निवडीचं सगळं ओझं आपण त्या एकट्याच्या खांद्यावर टाकतो आणि मग त्यालाच गिधाड म्हणतो.

म्हणून संपादकांना आणि वृत्तपत्रांच्या मालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या प्रत्येक छायाचित्रकाराला, पगारी असो वा फोटोमागे पैसे घेणारा, एका दिवसाचं प्रथमोपचाराचं शिक्षण द्या. त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत दोन जाड पट्ट्या, हातमोजे आणि रक्त रोखायचा एक पट्टा ठेवा. आणि लेखी कळवा की जखमीला मदत करताना फोटो हुकला, तर त्या फोटोचे पैसे त्याला मिळतील.